छोट्या चित्रात पाच माणसं

अण्णाजींनी आपला मुलगा फोटोतून काढून टाकायला सांगितला, तेव्हा ज्योत्स्नाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"कोनाले काढाचं म्हनता, काकाजी?"

"ह्याले." अण्णाजींनी कॉम्प्युटरच्या काचेवर बोट टेकवलं. बोट प्रफुलच्या छातीवर होतं.

अण्णाजी अल्लीपूरचे धान्याचे व्यापारी. गावात त्यांचं मोठं दुकान होतं आणि शब्दाला वजन होतं. २००५ च्या मे महिन्यात त्यांच्या काजलचं लग्न झालं. त्या लग्नाचे फोटो हिंगणघाटच्या गोपालभाऊंनी काढले होते. गोपालभाऊंचा स्टुडिओ जुना, पण डिजिटल कॅमेरा नवा होता. त्या वर्षीच्या सगळ्या लग्नांना तेच हवे असायचे. ज्योत्स्ना त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर बसायची. डाग काढणं, चेहरे उजळणं, अल्बमची पानं लावणं, पत्रिकांची आणि बॅनरची डिझाइनं करणं ही सगळी तिची कामं.

त्या फोटोत पाच माणसं होती. पुढे खुर्च्यांवर अण्णाजी आणि त्यांची बायको देवकाबाई. मागे काजल आणि नवरदेव पियुष. आणि कडेला, देवकाबाईंच्या अगदी मागे, मरून शर्टातला प्रफुल. सगळे समोर बघत होते. एकटा प्रफुल खाली, आईच्या डोक्याकडे बघत होता. त्याचा हात तिच्या खांद्यावर होता.

प्रफुलने वर्षभरापूर्वी नागपूरला कोर्टात जाऊन मयुरीशी लग्न केलं होतं. मुलगी दुसऱ्या जातीची. तेव्हापासून तो कारंज्याला राहत होता. हायवेवर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं होतं त्याने. घरी त्याचं येणं बंद होतं. बहिणीच्या लग्नाला तो एकटाच आला, तासभर थांबला, एका फोटोत उभा राहिला आणि निघून गेला. पाहुण्यांसमोर अण्णाजी काही बोलले नव्हते.

"हा फोटो मोठा करून बैठकीत लावाचा हाय," अण्णाजी म्हणाले. "येनारे-जानारे पायतीन. त्यात हा नाई पायजे. आन हे पाय, जुना फोटोही राहू नाई पायजे कुठी. उद्या कोनी मांगाले आलं तर तुमच्यापाशी नसला पायजे."

ज्योत्स्नाने गोपालभाऊंकडे पाहिलं. ते कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावत होते. लग्नसराईचे दिवस, दुपारी अजून एका हळदीला जायचं होतं त्यांना.

"करून दे," ते म्हणाले. "काकाजींचा फोटो हाय. त्यांची मर्जी."

अण्णाजी गेल्यावर ज्योत्स्नाने तो फोटो पुन्हा उघडला. चेहऱ्यावरचे फोड तिने काढले होते, एका वरमाईचं टक्कल झाकलं होतं, फोटोत घुसलेल्या वाजंत्र्याला हाकललं होतं. पण नात्यातलं माणूस तिने कधी काढलं नव्हतं. तिला वाटलं, गोपालभाऊंना एकदा म्हणावं की हे काम तुम्हीच करा. पण भाऊ पिशवी खांद्याला लावून बाहेर पडले होते.

फोटो दुरुस्त करायचे म्हटले की भाऊंचा एक ठरलेला कायदा होता. डिझाइन असेल, म्हणजे कॉम्प्युटरवरच तयार केलेलं चित्र, सपाट रंग, रेघा, अक्षरं, तर ते पीएनजीमध्ये ठेवायचं. मागे एकदा ज्योत्स्नाने केळझरच्या गणपतीच्या उत्सवाचा बॅनर जेपेगमध्ये ठेवला होता. फाइल छोटी व्हावी म्हणून क्वालिटी एकदम खाली आणलेली. छापून आला तेव्हा लाल अक्षरांच्या कडेला सगळीकडे मळकट ठिपके. भाऊंनी तिला तो बॅनर जमिनीवर अंथरून दाखवला होता. "जेपेग बारीक बारीक माहिती फेकून देते, तवा कुठी फाइल लहान होते. फोटोत ते दिसत नाई, काऊन का फोटोत रंग हळूहळू बदलते. अक्षराची कड एकदम तुटक राह्यते. तिथी लगेच दिसते. पीएनजी काईच फेकत नाई."

फोटो मात्र जेपेगमध्ये. तोच फोटो पीएनजीमध्ये ठेवला तर चौपट जागा खातो, आणि स्टुडिओच्या कॉम्प्युटरमध्ये जागा कायम संपत आलेली. फक्त एक सूट होती. फोटोवर बरंच काम करायचं असेल, पुन्हा पुन्हा उघडून दुरुस्त करायचा असेल, तर मूळ फोटोला हात लावायचा नाही. कामाची प्रत पीएनजीत ठेवायची आणि सगळं झालं की शेवटी एकदा तिचा जेपेग करायचा. नाहीतर दर वेळी बदलून जतन करताना जेपेग आणखी थोडं फेकत जातो.

त्या दिवशी ज्योत्स्नाने तो कायदा पाळला नाही. एकाच बैठकीत काम होणार होतं. आणि जुना फोटो राहूच नये, असं सांगितलेलंच होतं.

तिने हलकंफुलकं, चटकन उघडणारं सॉफ्टवेअर उघडलं. मांडवाचा पिवळा पडदा एकीकडून उचलून प्रफुलच्या शर्टावर ठेवत गेली. खांद्यापासून सुरुवात केली, चेहरा शेवटी ठेवला. मग राहिला हात. देवकाबाईंच्या पोपटी साडीवर चार बोटं. ती सगळ्यात अवघड होती. साडीचा काठ दुसऱ्या खांद्यावरून घेऊन तिने एकेक बोट झाकलं. घड्या जुळवल्या. सावली जुळवली.

काम इतकं साफ झालं की तिचं तिलाच विचित्र वाटलं. त्याच नावाने, जुन्या फोटोवरच, तिने तो जेपेग जतन केला. कॅमेऱ्यातलं कार्ड पुढच्या लग्नासाठी कधीच कोरं केलेलं होतं. रीळ असतं तर निगेटिव्ह तरी मागे राहिली असती. आता कुठेच काही नव्हतं.

लग्नाचे सगळे फोटो तिने त्यानंतर सीडीवर उतरवले आणि मोठा फोटो फ्रेम होऊन अल्लीपूरला गेला. पावसाळा आला, गेला. ज्योत्स्ना ते विसरली नाही, पण त्याबद्दल कुणाशी बोललीही नाही.

दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर आली असताना अण्णाजी पुन्हा स्टुडिओत आले. या वेळी सोबत देवकाबाई होत्या.

ज्योत्स्नाने त्यांना फोटोत खूप जवळून पाहिलं होतं. त्यांच्या साडीची घडी न् घडी तिला पाठ होती. पण समोर आलेली बाई तीच आहे, हे ओळखायला तिला वेळ लागला. फोटोतली देवकाबाई भरलेली, हसरी होती. ही बारीक झाली होती. दारात येऊन थांबली आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "चप्पल इथीच काढाची ना जी?"

"हो, काढ," अण्णाजी म्हणाले. मग गोपालभाऊंकडे वळून त्यांनी आवाज थोडा खाली आणला, पण तो सगळ्यांना ऐकू येत होता. "गोपाल, एक काम होतं. हिले जरा तो काजलच्या लग्नाचा फोटो दाखव. तुया कॉम्प्युटरात असन ना, असलवाला? तो दाखव. हिच्या डोक्यात बसून राह्यलं का प्रफुल त्या फोटोत होता. घरच्या फ्रेमवर इचा भरोसा नाई. सांगून सांगून थकलो. काजलनं फोनवर सांगतलं, तो त्याच्या आधीच निघून गेलता. तरी ऐकत नाई."

"मी म्हनत नाई का तुमी खोटं बोलता," देवकाबाई हळू म्हणाल्या. "मले फक्त आठवते. माया खांद्यावर हात होता त्याचा. गरम होता."

"हे असं हाय," अण्णाजी म्हणाले. "दूध गॅसवर ठेवून विसरते. एकाच भाजीत दोनदा मीठ. नागपूरले डॉक्टरले दाखवलं. त्यानं गोळ्या देल्या. म्हनला, वयानं होते कोनाकोनाले."

"आता मी शेजारच्या आनंदाबाईले बोलावतो," देवकाबाई ज्योत्स्नाकडे पाहून म्हणाल्या. जणू तिलाच हे सांगायला हवं होतं. "सैपाक झाला का तिले चाखाले लावतो. मीठ टाकलं का नाई, मले समजत नाई. पयले समजे. केळझरले चतुर्थीले एकटी जात होती मी. आता नाई जात. वाटते, येतानी भलत्याच गाडीत बसलो तर?"

ज्योत्स्नाचे हात माउसवरून खाली, मांडीवर आले. फोटो बदलला की भिंतीवरचा फोटो बदलतो, एवढंच तिच्या डोक्यात होतं. त्या पिवळ्या पडद्याने या बाईच्या घरात काय केलं, हे तिने कधी मनात आणलंच नव्हतं. एक गोष्ट आठवते आणि सगळं घर म्हणतं ती झालीच नाही. मग बाकीच्या गोष्टींवर तरी माणूस कसा भरवसा ठेवणार?

गोपालभाऊंचाही चेहरा उतरला होता. पण समोर जुनं गिऱ्हाईक उभं होतं आणि फोटोत चारच माणसं आहेत, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी खुर्ची पुढे केली. "बसा काकू. ज्योत्स्ना, दाखव त्यायले."

"भाऊ..."

"दाखव ना बाई. फोटो तर दाखवाचा हाय."

अण्णाजींनी ज्योत्स्नाकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत धमकी नव्हती. खात्री होती. काम चोख झालंय आणि ते झाकलेलं राहणार, याची खात्री.

दसऱ्याला गोपालभाऊंनी नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि फोटो पाहण्याचं एक नवं सॉफ्टवेअर कुणाकडून तरी आणून टाकलं होतं. जुन्या मशिनवर एक फोल्डर उघडायला चहा पिऊन होईल इतका वेळ लागायचा. हे नवं सॉफ्टवेअर फोल्डर उघडताच शंभर-दोनशे फोटो टिकलीएवढे टिकलीएवढे करून समोर मांडायचं, तेही क्षणात. इतक्या लवकर ते कसं जमतं, हे भाऊंनी विचारलं नव्हतं, ज्योत्स्नानेही नाही.

तिने काजलच्या लग्नाची सीडी घातली. हा फोल्डर नव्या मशिनवर पहिल्यांदाच उघडत होता. छोट्या चित्रांच्या रांगा भराभर भरल्या. हळद, वरात, मंगलाष्टकं, जेवणाची पंगत. ज्योत्स्ना खाली खाली सरकत गेली. बदललेला फोटो कुठे आहे ते तिला न शोधताही ठाऊक होतं.

"हा," अण्णाजी म्हणाले. "हा पाय. मोठा कर व."

ज्योत्स्नाने त्या छोट्या चित्रावर बाण नेला आणि तिचं बोट थांबलं.

चित्र नखाएवढं होतं. पिवळा मांडव, पोपटी साडी, काजलचा लाल शालू. आणि कडेला एक मरून ठिपका.

तिला वाटलं आपल्या डोळ्यांना भास होतोय. तिने घाईघाईने दोनदा क्लिक केलं. फोटो पूर्ण स्क्रीनवर उघडला. चार माणसं. पिवळा पडदा, गुळगुळीत, अखंड. साडीचा काठ खांद्यावरून सरळ खाली.

"पाह्यलं?" अण्णाजी म्हणाले. "हाय का तो? आता तुया डोयानं पाह्यलं ना?"

देवकाबाईंनी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्यांनी ते पुसलं नाही. "हो. नाई हाय."

"झालं तर मंग. बंद कर बाई."

ज्योत्स्नाने फोटो बंद केला. मागे पुन्हा छोट्या चित्रांची रांग आली. आणि देवकाबाई खुर्चीतून पुढे झुकल्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "ह्यात हाय ना तो."

बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर जाण्याचा आवाज आला आणि लांब गेला.

"हा पाय. हा लाल शर्ट. त्यानं तसाच शर्ट घातलता. हे मी, हे तुमी, हे काजल, हे जवाई. आन हा." देवकाबाईंचं बोट एकेका डोक्यावरून सरकत शेवटी कडेला आलं. "अजी, पाहा ना. पाच हाय ना हे? का मलेच पाच दिसून राह्यले?"

अण्णाजी वाकले. चष्मा वर करून त्यांनी पाहिलं. ते तसेच वाकून राहिले. मग गोपालभाऊ टेबलाच्या पलीकडून आले आणि त्यांनीही पाहिलं.

"मशीन बिगडलं असन," अण्णाजी म्हणाले. आवाज त्यांचा राहिला नव्हता. "दुसरा फोटो असन तो."

"उघड पुन्ना," देवकाबाई म्हणाल्या.

ज्योत्स्नाने उघडला. चार. बंद केला. पाच. पुन्हा उघडला. चार. चित्र एकच, फाइल एकच, नाव एकच. मेलेलं माणूस दारात दिसावं तशी ती त्या मरून ठिपक्याकडे बघत होती. तिने स्वतः त्याला झाकलं होतं. एकेक बोट झाकलं होतं.

"असं होते कधीकधी काकू," गोपालभाऊ म्हणाले. "नवं मशीन हाय. फोटोची गल्लत..."

"गल्लत नाई भाऊ," ज्योत्स्ना म्हणाली.

आपण बोललो हे तिला बोलल्यावरच कळलं. आता मागे फिरता येणार नव्हतं, आणि तिला फिरायचंही नव्हतं.

"मशीन नाई बिगडलं, काकू. तुमाले बराबर आठवते. तुमच्या मांगं प्रफुलभाऊच होते. हात तुमच्या खांद्यावर होता. मी काढलं त्यायले. उन्हाळ्यात. याच हातानं."

देवकाबाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. अण्णाजी सरळ उभे राहिले होते आणि भिंतीवरच्या लग्नांच्या नमुन्यांकडे बघत होते.

"तुमी सांगतलं?" देवकाबाईंनी विचारलं.

अण्णाजींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मंग डॉक्टरले तुमी काय सांगतलं? का ही फोटोत नसलेलं मानूस पायते? हे सांगतलं ना? मी बसली होती तिथी."

"देवका, घरी चाल. घरी बोलू."

"मी भुलली नोयती," देवकाबाई म्हणाल्या. नवऱ्याला नाही, कुणालाच नाही. हे वाक्य त्या स्वतःच ऐकत होत्या. "मी भुललीच नोयती." आणि मग, इतक्या वेळात पहिल्यांदा, त्यांचे हात लटपटू लागले. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीची कड धरली. ज्योत्स्ना पाणी घेऊन आली तर त्यांच्याने पेला धरवेना. तिनेच तो त्यांच्या ओठांना लावला.

गोपालभाऊ कॉम्प्युटरसमोर बसले. त्यांना हे समजून घेतल्याशिवाय राहवत नव्हतं. फाइलची माहिती उघडून ते बराच वेळ वाचत राहिले. मग खाली मान घालूनच म्हणाले, "कॅमेरा फोटो काढतानी जेपेगच्या पोटात एक लहान चित्र ठेवते. तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं नाव, तसं ते बी. कॅमेऱ्याच्या मांगच्या काचेवर लवकर दिसावं म्हनून. तू ज्याच्यावर काम केलं, ते सॉफ्टवेअर मोठा फोटो नवा लिहते. पोटातलं तसंच ठेवते, हात लावत नाई. आन हे नवं सॉफ्टवेअर वेळ वाचवाले तेच लहान चित्र दाखवते." ते थांबले. "तू कायद्यानं पीएनजी केला असता, आन मंग त्याचा जेपेग, तर हे राह्यलं नसतं. पीएनजीत हे कॅमेऱ्याचं लचांड जात नाई. तो गेलाच असता."

ज्योत्स्नाने पुन्हा त्या मरून ठिपक्याकडे पाहिलं. घाईत तिने कायदा मोडला नसता, तर आज देवकाबाई "हो, नाई हाय" म्हणून उठल्या असत्या आणि गोळ्या घेत राहिल्या असत्या. मरेपर्यंत.

"मंग तो निंगते का याच्यातून?" देवकाबाईंनी विचारलं. "मोठा होते का?"

"पाहू," ज्योत्स्ना म्हणाली.

तिने ते छोटं चित्र बाहेर काढलं आणि मोठं केलं. प्रफुल वाढत गेला आणि वाढता वाढता विरघळत गेला. चेहऱ्याच्या जागी पाच-सहा तपकिरी चौकोन उरले. डोळे नव्हते, नाक नव्हतं. मरून चौकोनांचा एक ढीग आणि पोपटी चौकोनांवर गव्हाळ रंगाचे दोन चौकोन.

"हे काय?"

"तो हात होय, काकू."

"एवढाच?"

"ह्याच्यात एवढंच ठेवलं हाय. याच्यापेक्षा जास्त याच्यात नाईच. अन मोठ्या फोटोत त्याच्या जागी पडदा हाय. पडद्याखाली तो नाई. मी त्याच्यावर झाकन नाई ठेवलं, त्याले पुसून पडदा लिहला. जेपेगले खालचं-वरचं समजत नाई. एकच थर राह्यते."

देवकाबाई ते दोन चौकोन बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मोठा नको करू. जेवढा हाय तेवढाच दे."

ज्योत्स्नाने ते चित्र होतं त्याच मापात छापलं. आगपेटीपेक्षाही लहान. त्या मापात मात्र सगळं ओळखू येत होतं. मांडव, साड्या, पाच डोकी, एक वाकलेलं. देवकाबाईंनी ते पदराच्या टोकात बांधलं नाही की पिशवीत टाकलं नाही. मुठीत धरून ठेवलं.

"कारंज्याची गाडी इथून सुटते का?" त्यांनी विचारलं.

"देवका," अण्णाजी म्हणाले.

"सुटते का?"

"इथून वर्धा," ज्योत्स्ना म्हणाली. "वर्ध्यावरून आर्वीची घ्या. आर्वीवरून कारंजा. मी येऊ का, काकू? निदान वर्ध्यापर्यंत येतो."

देवकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, माफीही नव्हती. "नाई. मी एकटी जाईन. मले गाडी समजते."

त्यांनी चपला घातल्या आणि बाहेर पडल्या. चौकात एकदा थांबल्या, बसस्टँड कुठल्या बाजूला ते पाहिलं आणि बरोबर त्याच बाजूला वळल्या.

अण्णाजी मागे गेले नाहीत. देवकाबाई बसल्या होत्या त्याच खुर्चीवर ते बसले. बराच वेळ स्क्रीनवरच्या त्या चौकोनांकडे पाहत राहिले. ते चित्र बंद करायचं ज्योत्स्नाला सुचलं नव्हतं.

"गोपाल," ते म्हणाले, "त्याले पुन्ना टाकता येते का?"

गोपालभाऊंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कोनाले, काकाजी?"

"फोटोत. होता तसा."

"होता तसा नाई येत. दुसऱ्या फोटोतून कापून बसवता येते. मांगचं सारं मोकळं ठेवून नुसतं मानूस कापाचं, त्याचा पीएनजी कराचा, आन इथी आनून ठेवाचा. पीएनजीत मांगची जागा खरोखरच रिकामी राह्यते, म्हनून बसते बराबर. पन त्याच्यासाठी त्यायचा एखादा फोटो लागन. असन ना घरी?"

अण्णाजींनी मान हलवली. नाही. त्याच्या लग्नाची खबर आली त्या दिवशी घरातले सगळे फोटो त्यांनी अल्बममधून ओढून काढले होते आणि मागच्या अंगणात पेटवले होते. देवकाबाईंना तेव्हा सांगितलं होतं की अल्बमला वाळवी लागली.

हे त्यांनी सांगितलं ते फार साध्या आवाजात. ज्योत्स्नाला वाटलं, आता ते रडतील. ते रडले नाहीत. गोपालभाऊंनी चहा मागवला, तो आला, निवला. अण्णाजी न पिताच उठले आणि अल्लीपूरच्या गाडीसाठी बसस्टँडवर गेले. देवकाबाई तोवर वर्ध्याच्या रस्त्याला लागल्या असतील.

दिवाळीनंतर प्रफुल स्टुडिओत आला. ज्योत्स्नाने त्याला लगेच ओळखलं. त्याचे डोळे, त्याचं कपाळ, कानाशी असलेला तीळ, हे सगळं तिने एकदा पूर्ण स्क्रीनवर मोठं करून पाहिलं होतं आणि मग त्यावर पडदा ओढला होता.

तो भांडायला आला नव्हता. त्याला ती फाइल हवी होती. छोट्या चित्रासकट, जशी आहे तशी.

"बाबूजी आलते कारंज्याले," तो म्हणाला. "दुकानासमोर उभे राह्यले. आत या म्हनलं तर नाई आले. मयुरी पानी घेऊन गेली बाहेर, तर घेतलं त्यायनं पानी. पेऊन गेले."

"आन काकू?"

"आई माह्यापाशीच हाय. गोळ्या बंद केल्या. डॉक्टरले दाखवलं पुन्ना, दुसऱ्या. तो म्हनला, काईच नाई झालं इले." प्रफुल काउंटरवरच्या काचेखालचे नमुने बघत होता. "पन अजूनही भाजीत मीठ टाकलं का दोनदा विचारते मयुरीले. मयुरी म्हनते, टाकलं आई. तरी चाखून पायते."

ज्योत्स्नाने सीडी घातली. फाइल दुसऱ्या कशात उघडली नाही, बदलली नाही, नुसती उचलून तशीच्या तशी उतरवली. मग ती एकदा तपासून पाहिली. छोट्या चित्रात पाच, मोठ्यात चार.

"मले सांगा," प्रफुल म्हणाला, "फोटो काढतानी मी कुठी पायत होतो त्याच्यात? मले आठवत नाई."

"आईकडे," ज्योत्स्ना म्हणाली. "बाकी सारे कॅमेऱ्याकडे. तुमी खाली, आईच्या डोक्याकडे पायत होते."

प्रफुलने सीडी घेतली. दारापाशी जाऊन तो थांबला, पुन्हा तिच्याकडे वळला.

"हे आईले सांगतो," तो म्हणाला, आणि गेला.